व्हायवात मार्क कुठे गेले?

‘इंट्रोड्यूस युवरसेल्फ.’

एफवायला इंग्लिशच्या व्हायवाला मी आत गेले तेव्हा मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, हॉबीज सांगितल्या. मग ‘व्हॉट इज युवर एम इन लाइफ?’ झालं, दोन मिनिटांत मी बाहेर. आठवड्याने नोटीस बोर्डवर आकडा लागला, 20 पैकी 11. माझ्यापुढे रोल नंबर असलेल्या मैत्रिणीला 17. आम्ही दोघींनी जवळपास तेच बोललो होतो. माझे 9 मार्क नेमके कुठे गेले, हे विचारायची सोयच नव्हती, कारण लेखी पेपरसारखी तपासलेली उत्तरपत्रिका नव्हती. बोललेलं हवेत विरून गेलं आणि मागे फक्त 11 उरले.

बारावीच्या बोर्डालाही इंग्लिशचे 80 मार्क लेखी आणि 20 तोंडी असतात. त्यामुळे ‘ओरल’ हा प्रकार आपल्यातल्या प्रत्येकाने पाहिलाय. पण या 20 मार्कांचा हिशोब फार कमी जणांनी पाहिलाय.

म्हणूनच एका कॉलेजमध्ये एसवाय बीकॉमला इंग्लिश शिकवणाऱ्या एक मॅडम ‘यंदा मार्किंग शीट व्हायवाच्या आधीच मुलांच्या हातात देणार आहे’ असं म्हणाल्या, तेव्हा मी लगेच ‘येऊन बसू का?’ असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘नुसती बसू नकोस. सरावाच्या वेळी तूही मार्क दे.’ मला वाटलं, यात काय कठीण आहे? त्या दिवशी माझी जी पंचाईत झाली ती पुढे येतेच. आधी प्लॅन बघू.

आधी घड्याळ

व्हायवाचा प्लॅन भाषेपासून नाही, वेळेपासून सुरू होतो. या बॅचमध्ये 48 मुलं. मॅडमनी प्रत्येकासाठी 6 मिनिटं धरली आणि वर 2 मिनिटं मार्क भरायला, पुढच्याला आत बोलवायला. म्हणजे एकाला 8 मिनिटं. लेक्चर 50 मिनिटांचं, त्यात सहा जण होतात. 48 मुलांना आठ लेक्चर्स लागली.

‘आठ लेक्चर्स? मग पोर्शन कधी होणार?’ स्टाफरूममधून हा प्रश्न आलाच. जोडीने व्हायवा घेतला असता तर वेळ वाचला असता. केंब्रिजच्या इंग्लिश परीक्षांमध्ये बोलण्याची टेस्ट साधारण दोन उमेदवारांना एकत्र बसवूनच घेतात. पण त्यात एक अडचण असते. एक जण बडबड्या आणि दुसरा बुजरा असेल, तर बुजऱ्याच्या वाट्याला बोलायला वेळच येत नाही. शिवाय त्याचे मार्क कोणाची जोडी मिळाली यावर ठरायला लागतात. या मुलांचा हा पहिलाच असा व्हायवा होता, म्हणून मॅडमनी एकेकालाच घ्यायचं ठरवलं. त्या दिवसांत बाकीची मुलं शेजारच्या वर्गात तिघातिघांच्या गटात सराव करायची. एक विचारणार, एक उत्तर देणार आणि एक शीट भरणार.

मग सहा मिनिटांचे तुकडे पाडले. पहिलं मिनिट गप्पांचं, ‘आज कसा आलास’, ‘लोकल वेळेवर होती का’ वगैरे. या मिनिटाला मार्क नाहीत आणि तसं मुलांना आधीच सांगितलेलं. घसा मोकळा व्हावा, एवढाच हेतू. पुढची दोन मिनिटं एका कार्डवरच्या विषयावर बोलायचं. विषय दहा, सगळे आठ दिवस आधी जाहीर केलेले. ‘नवीन ग्राहकाला सेव्हिंग्ज अकाउंट कसं उघडायचं ते समजावून सांगा’, ‘तुमच्या ओळखीच्या एखाद्या दुकानाचा किंवा धंद्याचा हिशोब कसा ठेवतात ते सांगा’, असे. आयत्या वेळी त्यातलं एक कार्ड उचलायचं आणि एक मिनिट विचार करायचा, तोही बाहेरच्या खुर्चीवर, म्हणजे आतला वेळ जात नाही. उरलेली तीन मिनिटं उलटप्रश्नांची. इथे खरा व्हायवा सुरू होतो, कारण पाठ केलेलं इथे संपतं.

विषय असे का? कारण मॅडमनी पहिल्यांदा स्वतःला विचारलं होतं, की बीकॉमच्या मुलाला उद्या इंग्लिशमध्ये नक्की काय बोलावं लागणार आहे. ‘माय एम इन लाइफ’ तो काउंटरवर कोणाला सांगणार नाही. एखादी प्रोसेस समजावणं आणि समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर देणं, हे मात्र रोज करावं लागेल.

चार ओळींची शीट

आता त्या शीटबद्दल. ए-फोर कागदाची एक बाजू. डाव्या बाजूला चार ओळी, ‘संवाद’, ‘ओघ’, ‘शब्द आणि वाक्य’, ‘उच्चार’. प्रत्येकी 5 मार्क, एकूण 20.

चारच का? मॅडमच्या पहिल्या कच्च्या शीटवर नऊ होत्या. घरी एका रेकॉर्डिंगवर ती वापरून बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं, की नऊ गोष्टी एका वेळी ऐकताच येत नाहीत. चौथ्या-पाचव्या ओळीनंतर आपण ऐकत नाही, नुसते आकडे भरतो. ‘अमुक लेव्हल बी-वन’ असं आपण जर्मन-फ्रेंच शिकताना ऐकतो, ती पातळ्यांची पद्धत मांडणारी युरोपियन चौकट 2001 साली पुस्तकरूपात आली. त्यातही हाच इशारा आहे, की चार-पाचाच्या वर निकष गेले की परीक्षकाच्या डोक्यावर ताण येतो. आयएल्ट्सच्या स्पीकिंग टेस्टलाही चारच निकष आहेत आणि चारही सारख्याच वजनाचे.

पण ओळींची नावं छापली म्हणजे शीट पारदर्शक होत नाही. ‘फ्लुएन्सी: 5 मार्क’ असं तर आमच्या कॉलेजच्या फॉर्मवरही असेल कदाचित. मुद्दा असा, की 5 म्हणजे काय आणि 3 म्हणजे काय, हे कानाला ऐकू येईल अशा शब्दांत लिहायला हवं. मॅडमनी 1, 3 आणि 5 या तीन आकड्यांपुढे वर्णन लिहिलं. 2 आणि 4 रिकामे ठेवले, म्हणजे ‘दोन्हींच्या मधलं’. पाचही आकड्यांपुढे वेगळं वाक्य लिहायला गेलं की ‘चांगलं’, ‘बरंच चांगलं’, ‘खूपच चांगलं’ असं होतं आणि त्यातला फरक लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

‘ओघ’ची ओळ उदाहरण म्हणून घेऊ. 5 म्हणजे थांबतो, पण वाक्य संपल्यावर, पुढचा मुद्दा आठवायला. 3 म्हणजे शब्द शोधत वाक्याच्या मध्येच थांबतो, पण परत येऊन वाक्य पूर्ण करतो. 1 म्हणजे वाक्यं अर्धवट राहतात आणि परीक्षकाला शब्द पुरवावे लागतात. यात ‘फास्ट बोलणं’ कुठेच नाही. थांबण्यालाही शिक्षा नाही. थांबा वाक्याच्या शेवटी आहे की मधोमध आहे, एवढंच ऐकायचं.

‘उच्चार’मध्येही तसंच. ॲक्सेंटला मार्क नाहीत. ‘ऑफिस’ला ‘आफिस’ म्हटलं तरी कळतं, काही जात नाही. पण ‘फिफ्टीन’ म्हणायचं होतं आणि ऐकणाऱ्याला ‘फिफ्टी’ ऐकू आलं, तर पंधरा हजारांचे पन्नास हजार होतात! म्हणून 5 म्हणजे एकदाही परत विचारावं लागलं नाही, 3 म्हणजे एक-दोनदा विचारावं लागलं आणि 1 म्हणजे सारखंच विचारावं लागलं.

‘संवाद’मध्ये 5 म्हणजे विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देतो, कारण किंवा उदाहरण जोडतो आणि कळलं नाही तर नेमकं काय कळलं नाही ते विचारतो. 3 म्हणजे प्रश्न सोपा करून विचारल्यावर मुद्द्यावर येतो. 1 म्हणजे सोपा करूनही वेगळंच काहीतरी बोलतो. ‘शब्द आणि वाक्य’मध्ये 5 म्हणजे एखादा शब्द आठवला नाही तर दुसऱ्या शब्दांत सांगून मोकळा होतो आणि चुका झाल्या तरी अर्थ बदलत नाही. 3 म्हणजे छोटी वाक्यं जमतात, लांब वाक्यात गुंता होतो. 1 म्हणजे सुटे सुटे शब्द.

आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा, वर लिहिलेलं ‘पुरावा’. आकडा लिहिण्याआधी, त्या मुलाने म्हटलेलं एक वाक्य किंवा शब्द तिथे टिपायचा. तेव्हा मला ही जागा फारशी महत्त्वाची वाटली नव्हती.

‘मॅडम, कॉन्फिडन्सला मार्क नाहीत?’

व्हायवाच्या आठ दिवस आधी एक पूर्ण लेक्चर फक्त शीटसाठी ठेवलं होतं. पहिली दहा मिनिटं वाचन, पंधरा मिनिटं दोन रेकॉर्डिंग्ज ऐकून मुलांनीच मार्क द्यायचे, वीस मिनिटं तिघांच्या गटात सराव आणि शेवटची पाच मिनिटं ‘शीटमध्ये काय बदलायचं?’

खरं तर तो शेवटचा प्रश्न पहिल्याच मिनिटाला आला. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘मॅडम, कॉन्फिडन्सला मार्क नाहीत?’ लगेच दुसरी म्हणाली, ‘आणि बॉडी लँग्वेज?’

मॅडमनी फळ्यावर ‘कॉन्फिडन्स’ लिहिलं आणि विचारलं, ‘मला हा ऐकू कसा येईल?’ उत्तरं आली, मोठ्याने बोलणं, डोळ्यांत बघणं, न अडखळणं. मॅडम म्हणाल्या, ‘न अडखळणं ओघात आलं. ऐकू येईल इतकं बोलणं उच्चारात आलं. राहिलं डोळ्यांत बघणं. तुझ्या घरी मोठ्यांशी बोलताना नजर खाली ठेवायला शिकवलं असेल, तर त्यासाठी मी तुझ्या इंग्लिशचे मार्क कापू?’ वर्ग गप्प झाला. कॉन्फिडन्सची ओळ आली नाही.

दुसरा प्रश्न मात्र शीट बदलून गेला. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, मराठी शब्द आला तर?’ यावर बरीच चर्चा झाली. शेवटी ठरलं, की मराठी शब्द वापरून तसाच सोडला तर ती अडचण, पण वापरून लगेच इंग्लिशमध्ये समजावला तर ती अडचण नाही, उलट कसब. तसं वाक्य ‘शब्द आणि वाक्य’च्या ओळीत पेनाने घातलं आणि मगच शीटच्या झेरॉक्स निघाल्या.

माझे 18 आणि 9

आता माझी पंचाईत. वर्गात रेकॉर्डिंग ऐकवायच्या आदल्या दिवशी मॅडम आणि मी स्टाफरूममध्ये तीच दोन रेकॉर्डिंग्ज ऐकून वेगवेगळे मार्क देणार होतो, एकमेकींची शीट न बघता. टीवायच्या दोन जणांनी स्वखुशीने, नावं न सांगता, आपला आवाज दिला होता.

पहिली मुलगी सुसाट. कुठे अडखळणं नाही, शब्द छान, ऐकायला एकदम इंटरनॅशनल. मी फटाफट आकडे भरले. संवाद 4, ओघ 5, शब्द आणि वाक्य 4, उच्चार 5. एकूण 18.

दुसरा मुलगा नाशिककडचा असावा. त्याचे काका कांद्याच्या आडतीत कामाला आणि तिथला हिशोब कसा चालतो हे तो सांगत होता. थांबत थांबत. मी दिलं, संवाद 3, ओघ 2, शब्द आणि वाक्य 2, उच्चार 2. एकूण 9.

मॅडमच्या शीटवर मुलीला 16 होते आणि मुलाला 14.

मी म्हटलं, ‘14? मॅडम, तो तर किती अडखळतोय!’ त्या म्हणाल्या, ‘हो. म्हणून ओघाला 2 दिलेत, तुझ्याइतकेच. बाकीच्या तीन ओळींना तू का कापलंस? पुरावा वाच.’

माझी पुराव्याची जागा रिकामी होती. भरायचीच विसरले होते.

नियम असा ठरलेला, की एखाद्या ओळीत दोघींच्यात एकापेक्षा जास्त फरक आला तर रेकॉर्डिंग परत लावायचं आणि फक्त त्या ओळीसाठी ऐकायचं. आमच्यात असे तीन चौकोन निघाले. मुलीचा संवाद, माझे 4, मॅडमचे 2. मुलाचा संवाद, माझे 3, मॅडमचे 5. मुलाचा उच्चार, माझे 2, मॅडमचे 4.

मुलीचं परत ऐकलं. तिला विचारलं होतं, छोटा दुकानदार बँकेचं कर्ज घ्यायला का कचरतो? ती दोन वाक्यांत डिजिटल पेमेंटवर गेली आणि तिथेच राहिली. प्रश्न सोपा करून परत विचारला, तेव्हा ‘लोन इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर ग्रोथ’ म्हणाली. का कचरतो, याचं उत्तर शेवटपर्यंत आलंच नाही. ती इतकी छान बोलत होती, की मी हे ऐकलंच नव्हतं. मी 2 केले.

मग मुलगा. व्यापाऱ्याने पैसे वेळेवर दिले नाहीत तर, असं विचारल्यावर तो थांबला आणि म्हणाला, ‘सॉरी मॅडम, यू मीन ही इज नॉट पेइंग, ऑर पेइंग लेट?’ आणि मग दोन्हींची वेगवेगळी उत्तरं दिली. पहिल्या ऐकण्यात मी या प्रश्नाला ‘त्याला कळलं नाही’ म्हणून मार्क कापले होते! पण मॅडमनाही थोडं खाली यावं लागलं, कारण सुरुवातीचा एक प्रश्न त्याला खरोखरच सोपा करून सांगावा लागला होता. दोघी 4 वर आलो. उच्चारात एकदा ‘फोर्टी क्विंटल’ की ‘फोर्टीन’ असं परत विचारावं लागलं होतं. शीटप्रमाणे ते 3. मी एक चढले, मॅडम एक उतरल्या.

शेवटी मुलगी दोघींच्या शीटवर 16. मुलगा माझ्याकडे 11, मॅडमकडे 12, कारण ‘शब्द आणि वाक्य’मध्ये मी 2 वर आणि त्या 3 वर ठाम राहिलो. त्यांचा पुरावा असा होता. त्याला ‘हिशोबपट्टी’ला इंग्लिश शब्द सापडला नाही, तेव्हा तो म्हणाला, ‘वन पेपर, इन विच दे राइट वेट, रेट, अँड दे कट हमाली, मीन्स लेबर चार्ज.’ एका मार्काचा फरक नियमात बसतो, तिथे सरासरी घ्यायची. तो साडेअकरा.

मुलगी पुढेच राहिली आणि राहायला हवीच, तिचा ओघ खरंच चांगला होता. पण माझ्या पहिल्या आकड्यांत दोघांमधलं अंतर 9 होतं, ते साडेचारवर आलं. म्हणजे अंतराचा अर्धा भाग मी माझ्या कानांनी तयार केलेला होता. एका गुणाची छाप बाकीच्या गुणांवर पडते, याला मानसशास्त्रात ‘हॅलो इफेक्ट’ म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 सालीच त्यावर लिहून ठेवलंय. मला ते मास कॉमच्या पेपरला येऊन गेलं होतं, मी पाठही केलं होतं. आणि तरीही.

माझ्या एफवायच्या 11 वर मी तीन वर्षं चिडून होते. त्या टेबलाच्या पलीकडे बसल्यावर मी पहिल्या पाच मिनिटांत तेच केलं.

प्रत्यक्ष दिवशी काय बिघडलं

व्हायवा सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी एक भोक सापडलं. प्रश्न फुटले. विषय उघडेच होते, पण उलटप्रश्नही बाहेर कॉरिडॉरमध्ये पोचले. हे कळलं कसं? दुसऱ्या लेक्चरला तीन मुलांनी एकाच प्रश्नाचं उत्तर एकाच वाक्याने सुरू केलं, ‘देअर आर मेनली टू रीझन्स.’ तिघांचीही कारणं तीच.

मॅडमनी प्रश्नांची यादीच बाजूला ठेवली. त्याऐवजी तीन साचे ठेवले. ‘तू आत्ता अमुक म्हणालास, ते का?’, ‘याचं एखादं उदाहरण सांग’ आणि ‘तसं झालं नाही तर?’ मुलाच्या स्वतःच्या बोलण्यातूनच प्रश्न निघायला लागल्यावर फुटण्यासारखं काही उरलं नाही. सगळ्यांना साचे तेच, त्यामुळे एकाला सोपं आणि दुसऱ्याला अवघड असंही झालं नाही.

दुसरी गडबड मॅडमची स्वतःची. घाबरलेल्या मुलाला त्या नकळत शब्द पुरवायच्या आणि धीट मुलाला पुरवायच्या नाहीत. मदत वाईट नाही, पण ती सारखी हवी. म्हणून टेबलावर एक चिठ्ठी चिकटवली. पाच सेकंद थांब. मग प्रश्न तसाच एकदा परत. मग एकदा सोपा करून. मग पुढचा प्रश्न. यापलीकडे मदत नाही, कोणालाच.

तिसरं, एकाच माणसाने विचारायचं आणि त्याच वेळी मार्कही द्यायचे, हे फार जड जातं. केंब्रिजच्या टेस्टमध्ये म्हणूनच दोन परीक्षक असतात. एक बोलतो, दुसरा गप्प बसून मार्क देतो. आपल्याकडे दुसरा शिक्षक कुठून आणायचा? मॅडमनी मुलांची लेखी परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डिंग केलं, संवादाचे मार्क तिथेच दिले आणि बाकीच्या तीन ओळी नुसत्या पेन्सिलने. संध्याकाळी ऐकून पक्के करायचे. रोज शेवटी त्या दिवसाच्या पहिल्या दोन मुलांचं रेकॉर्डिंग परत ऐकायच्या, कारण सकाळी आपण कडक असतो आणि सहाव्या मुलापर्यंत सैल होतो, किंवा उलटं. एकदा पहिल्या मुलीचा ओघ 3 चा 4 झाला.

आणि चौथं, शीट आधी दिल्याचा थेट तोटा. ‘कळलं नाही तर विचारा’ला मार्क आहेत म्हटल्यावर एका पठ्ठ्याने प्रत्येक प्रश्नाला ‘कुड यू प्लीज रिफ्रेज?’ सुरू केलं. चार वेळा! मार्क गोळा करायला. शीटचा शब्दन् शब्द असा पाठ होतो, हे पारदर्शकतेसोबत येतंच. पण ओळीत ‘नेमकं काय कळलं नाही ते विचारतो’ असं लिहिलेलं होतं, तेच कामाला आलं. नुसतं ‘रिफ्रेज’ म्हणणं आणि कांद्यावाल्या मुलाचं ‘नॉट पेइंग, ऑर पेइंग लेट?’ यात फरक आहे, तो पुराव्याच्या जागेत सरळ दिसतो. पुढच्या बॅचसाठी मॅडमनी ‘नेमकं’ या शब्दाखाली रेघ मारलीये.

शीट परत मिळाल्यावर

निकाल नोटीस बोर्डवर लागला नाही. प्रत्येकाला स्वतःची भरलेली शीट मिळाली, पुराव्यांसकट. शंका असेल तर तीन दिवसांत यायचं, अट एकच. ‘मार्क कमी वाटतात’ नको, ओळ सांगायची आणि काय ऐकलं जायला हवं होतं ते सांगायचं.

48 पैकी चार जण आले. त्यातल्या दोघांच्या वेळी मी तिथे होते. एका मुलाला ओघात 2 होते. तो म्हणाला, ‘मॅडम, मी विचार करायला थांबलो होतो.’ रेकॉर्डिंग लावलं. चारपैकी दोन थांबे खरंच वाक्य संपल्यावरचे होते, उरलेल्या दोन ठिकाणी मध्येच थांबला होता, पण वाक्य पूर्ण केलं होतं. शीटप्रमाणे ते 3 होतात. मॅडमनी आकडा खोडला, बाजूला सही केली. दुसऱ्याचा शब्द आणि वाक्यचा 2 तसाच राहिला. त्याने गेल्या वर्षी घडलेली गोष्ट ‘ही गो’, ‘शी टेल’ अशी सांगितली होती, त्यामुळे आधी काय झालं आणि नंतर काय, तेच कळत नव्हतं. त्याने हेडफोन लावून स्वतःलाच ऐकलं, अर्ध्यात काढला आणि म्हणाला, ‘राहू दे मॅडम. बरोबर आहे.’ जाता जाता त्याने विचारलं, की भूतकाळाचा सराव नक्की कशातून करू?

शीटने सगळं होतं असं नाही. सहा मिनिटांच्या बोलण्यावरून 13 आणि 14 मध्ये फार मोठा फरक आहे असं कोणी समजू नये. मॅडमही समजत नाहीत. एखाद्याचा तो दिवसच वाईट असतो. आठ लेक्चर्स आणि आठ संध्याकाळी प्रत्येक शिक्षकाला परवडतील असंही नाही. पण आकडा का आला हे विचारता येतं आणि कधीकधी तो बदलतोही.

माझे ते 9 मार्क कुठे गेले ते मला आजही माहीत नाही. बहुतेक त्या परीक्षकांनाही नसेल.

तुमच्या पुढच्या व्हायवाआधी

* मार्क कशाकशाला आहेत आणि प्रत्येकाला किती, हे आधी विचारा. शीट असेल तर ‘5 म्हणजे काय ऐकू यायला हवं?’ हेही विचारा.
* तिघांचा गट करा. एक विचारणार, एक बोलणार, एक शीट भरणार. दर वेळी भूमिका बदला. शीट भरणाऱ्याने आकड्याआधी पुरावा लिहायचा.
* विषय पाठ करू नका. मित्राला फक्त तीनच गोष्टी विचारायला सांगा, ‘का?’, ‘उदाहरण?’ आणि ‘तसं झालं नाही तर?’
* स्वतःचं दोन मिनिटांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करा. एका वेळी एकाच ओळीसाठी ऐका. पहिल्यांदा फक्त थांबे मोजा, वाक्याच्या शेवटचे किती आणि मधले किती.
* शंका विचारायला जाताना ओळ आणि वाक्य घेऊन जा.